पैसे कुणाच्या खात्यात गेले?

बनावट ट्रेडिंग अ‍ॅपवर कुणा निवृत्त माणसाची पुंजी गेली, ही बातमी आता इतकी नेहमीची झाली आहे की लोक ती शेवटपर्यंत वाचतही नाहीत. कधी पुण्याचे अभियंते असतात, कधी ठाण्याच्या डॉक्टर, कधी नाशिकचे बँकेतूनच निवृत्त झालेले अधिकारी. बातमीवरच्या प्रतिक्रिया मात्र ठरलेल्या. निम्मे लोक म्हणतात, हाव नडली. एवढं शिकूनही अक्कल नाही. उरलेले बँकेच्या, पोलिसांच्या आणि सरकारच्या नावाने बोटं मोडतात. मग एखादा मधला माणूस येऊन ‘जास्त नफ्याचं आमिष दिसलं की सावध व्हा’ असं सांगतो, सगळे माना डोलावतात आणि विषय मिटतो. मला या तिघांचंही पटत नाही. हा सापळा नफ्याच्या आकड्यावरून ओळखता येतच नाही. तो दोनच ठिकाणी उघडा पडतो: पैसे कुणाच्या खात्यात गेले तिथे, आणि शेअर कुणाच्या दप्तरात नोंदले गेले तिथे. आपण लोकांना नेमकं तिथेच बघायला शिकवत नाही.

हे मी थोड्या अधिकाराने बोलतो. मुंबईत फोर्टातल्या एका शेअर दलालाच्या बॅक ऑफिसात मी उणीपुरी पंचवीस वर्षं काढली. बाहेर खुर्चीत बसलेल्या लोकांना भाव दिसायचे, आम्हाला आत फक्त पे-इन आणि पे-आउट, म्हणजे पैशांची आणि शेअरची आवक-जावक, दिसायचं. कुठला शेअर चढणार हे मला तेव्हाही कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण पैसा कुठून कुठे जातो आणि शेअर कुठून कुठे, हे झोपेतही सांगेन.

आधी हावेबद्दल. हाव अजिबात नसते असं मी म्हणणार नाही. मुदत ठेवीवर सात टक्के मिळत असताना महिन्याला तीस टक्क्यांची गोष्ट ऐकून ज्याला काहीच वाटत नाही असा माणूस फसत नाही, हे खरंच आहे. ‘हमखास नफा’ हे शब्द कुठलाही नोंदणीकृत दलाल किंवा सल्लागार वापरू शकत नाही, सेबीचे नियमच तसे आहेत. म्हणून ते शब्द कानावर पडले की उठून चालू लागावं, हा सल्लाही बरोबर आहे. पण या सल्ल्यात गृहीत असं धरलंय की चोर पहिल्या दिवशी हे शब्द उच्चारतो. तो तसं करत नाही. तो पहिले दोनतीन आठवडे फुकट शिकवतो. ग्रुपवर ‘सर’ किंवा ‘प्रोफेसर’ असतात, त्यांची एक नम्र सहायक असते, रात्री साडेआठला वर्ग भरतो, कँडलचे तक्ते येतात, गृहपाठ असतो. सांगितलेले शेअर खरे, नावाजलेल्या कंपन्यांचे असतात आणि त्यांतले बरेचसे चढतातही, कारण चढत्या बाजारात बरेच शेअर चढतातच. निवृत्त माणसाला दिवसाकाठी कुणीतरी ‘सर, आपलं निरीक्षण अचूक आहे’ म्हणतं. याला हाव म्हणायचं का? मला तरी ते रिकामपण वाटतं, आणि थोडा विद्यार्थी होण्याचा आनंदही.

दुसरं असं की मोठा नफा हा आता अविश्वसनीय राहिलेलाच नाही. मार्च २०२० मध्ये देशात साधारण चार कोटी डीमॅट खाती होती, २०२४ संपताना ती अठरा कोटींच्या वर गेली. या नव्या मंडळींनी बाजार पाहिला तो बहुतेक चढताच. टाटा टेक्नॉलॉजीजचा शेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ५०० रुपयांना दिला गेला आणि १,२०० ला उघडला. बजाज हाउसिंग फायनान्सचा सप्टेंबर २०२४ मध्ये ७० ला दिलेला १५० ला उघडला. हे सगळं खरं आहे, वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आलेलं आहे, आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलाला ते शेअर लागलेलेही आहेत. मग एखाद्या अ‍ॅपने आयपीओत ऐंशी टक्के नफा दाखवला, तर तो आकडा धोक्याची खूण कसा ठरेल? शेजाऱ्याला खऱ्याखुऱ्या बाजारात त्याहून जास्त मिळाले आहेत.

या गोंधळाच्या मुळाशी आपली एक जुनी सवय आहे. पैशांची फसवणूक म्हटली की आपल्याला पाँझी आठवतो. चार्ल्स पाँझीने १९२० मध्ये बोस्टनमध्ये ४५ दिवसांत पन्नास टक्के देऊ केले आणि नव्यांच्या पैशांतून जुन्यांना दिले. आपल्याकडेही त्याची वंशावळ मोठी आहे. महाराष्ट्राला १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितरक्षणाचा वेगळा कायदा करावा लागला तो अशाच योजनांमुळे. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस या दागिन्यांच्या दुकानापुढे जी गर्दी जमली, ती आठवड्याला परतावा देणाऱ्या योजनेचे हप्ते थांबले म्हणून. अशा योजनेत व्याजाचा दर हीच खूण असते, कारण योजना तेवढा दर देऊ शकत नाही आणि कधीतरी कोसळते. पण बनावट अ‍ॅप ही पाँझी योजना नव्हेच. तिथे जुन्यांना नव्यांचे पैसे नियमाने मिळत नाहीत, कोसळायला काही उभंच नसतं. एकेका माणसाला स्वतंत्रपणे पिळून सोडून दिलं जातं. पाँझीची खूण घेऊन अ‍ॅप शोधायला निघणं म्हणजे घरफोड्या शोधायला खिसेकापूचं वर्णन वाटण्यासारखं आहे.

या अ‍ॅपचा खरा पूर्वज वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या गावोगावी ‘बकेट शॉप’ नावाची दुकानं निघाली होती. आत फळा असायचा, तारयंत्रावरून शिकागो-न्यूयॉर्कचे खरे भाव यायचे, पोऱ्या ते खडूने लिहायचा. गिऱ्हाईक पैसे भरून शेअर ‘घ्यायचं’, चिठ्ठी मिळायची. पण तो सौदा शेअर बाजारापर्यंत कधी जायचाच नाही. दुकानदाराच्या वहीत एक ओळ पडायची, एवढंच. आपल्याकडच्या डब्बा ट्रेडिंगची हीच कुळकथा. तिथला भाव शंभर टक्के खरा असायचा आणि सौदा शंभर टक्के खोटा. शेवटी १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भाव ही शिकागोच्या बाजाराची मालमत्ता आहे आणि ते कुणाला द्यायचे हे बाजार ठरवू शकतो. भावांची तार तुटू लागली, तशी ही दुकानं हळूहळू बसली. आज ती तार तोडता येणार नाही, कारण भाव प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर फुकट आहेत. बनावट अ‍ॅप तेच खरे भाव उचलतं, म्हणून तुम्ही टीव्हीवरच्या भावाशी ताडून पाहिलंत तर तंतोतंत जुळतं. जुळणारच. खोटी असते ती फक्त तुमच्या नावापुढची शिल्लक, जी पलीकडे बसलेला माणूस एका खिडकीत टाइप करतो.

आता ज्यांच्यामुळे मी हे लिहायला बसलो त्यांची हकिकत. नाव सांगत नाही. आमच्या सोसायटीतले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना काका म्हणतो. गेल्या पावसाळ्यात एके संध्याकाळी काका फोन घेऊन आले आणि म्हणाले, “तू दलालाकडे होतास ना? जरा बघ. कमिशन आधी भरायचं असतं का रे?” मी फोन हातात घेतला आणि उलट्या क्रमाने वाचत गेलो. तुम्हाला मात्र सुलट सांगतो.

पहिल्यांदा त्यांनी ५०,००० रुपये भरले. आठवड्याभरात अ‍ॅपवर ते ६१,००० झाले. काकांनी हुशारीने परीक्षा घेतली आणि ५,००० रुपये काढून पाहिले. अर्ध्या तासात बँकेत जमा झाले. त्या एका मेसेजने सगळ्या शंका मिटल्या. जुन्या अमेरिकन ठगांच्या बोलीत या पायरीला ‘कन्व्हिन्सर’ म्हणत. सावजाला एकदा जिंकू द्यायचं, मग घरी जाऊन मोठी रक्कम आणायला सांगायचं. काकांनी मुदत ठेव मोडून आणखी चार लाख भरले. ‘संस्थात्मक खात्यातून ब्लॉक ट्रेड’ या नावाखाली शिल्लक ६ लाख ९० हजारांवर गेली. मग आयपीओ आला. कंपनी खरी, इश्यूही खरा, भाव ३१० रुपये. काकांनी अ‍ॅपवरूनच एका लॉटचा, म्हणजे ४८ शेअरचा, अर्ज केला. तीन दिवसांनी अभिनंदनाचा संदेश आला: आपल्याला ६,००० शेअर लागले आहेत. एकूण रक्कम १८ लाख ६० हजार, शिल्लक वजा जाता ११ लाख ७० हजार दोन दिवसांत भरा. न भरल्यास खातं गोठेल आणि सेबीकडे कळवावं लागेल. काका घाबरले. उरलेल्या आठ लाखांच्या ठेवी मोडल्या, ३ लाख ७० हजार मेव्हण्यांकडून उसने घेतले. शेअर ५५८ ला उघडला असं अ‍ॅपने दाखवलं. शिल्लक ३३ लाख ४८ हजार. पैसे काढायला गेले तेव्हा उत्तर आलं की नफा १४ लाख ८८ हजार, त्यावर वीस टक्के कमिशन, म्हणजे २ लाख ९७ हजार ६०० रुपये, आधी भरा. त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले होते.

या हकिकतीत ‘हमखास नफा’ हे शब्द मला एकदाच सापडले, तेही चौथ्या आठवड्यात. पण पैशाची वाट पहिल्या दिवसापासून बोंब मारत होती. आयपीओपासूनच बघू, कारण तिथे खोटं पकडणं सगळ्यात सोपं आहे.

खऱ्या आयपीओत अर्ज करताना पैसे कुणालाच पाठवायचे नसतात. जानेवारी २०१६ पासून सगळ्याच अर्जदारांना ‘अस्बा’ पद्धत सक्तीची आहे. म्हणजे अर्जाची रक्कम तुमच्याच बचत खात्यात अडकवून ठेवली जाते, वाटप होईपर्यंत तिच्यावर व्याजही तुम्हालाच मिळतं, आणि शेअर लागले तरच तेवढी रक्कम वळती होते. यूपीआयने अर्ज केला तर तुमच्या यूपीआय अ‍ॅपवर मँडेटची विनंती येते आणि पिन टाकून तुम्ही ती मंजूर करता. काकांना मी एवढंच विचारलं, “मँडेट आलं होतं?” नव्हतं आलं. मग अर्जच झाला नव्हता. दुसरं, जेवढ्याचा अर्ज केला त्याहून एकही शेअर जास्त लागू शकत नाही. ४८ मागितले तर ४८ मिळतात किंवा शून्य, मागणी जास्त असेल तर चिठ्ठ्या पडतात. सहा हजार लागणं हे नशीब नव्हे, ते अंकगणितात बसतच नाही. तिसरं, वाटपाचा निकाल इश्यूचं वाटप सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर पॅन टाकून कुणालाही बघता येतो. काकांचा पॅन मी टाकला. या नावाचा अर्जच नाही, असं उत्तर आलं. दोन मिनिटं लागली.

‘संस्थात्मक खातं’ हे प्रकरण जरा चतुर आहे आणि यात काकांना दोष देणं मला जड जातं. आयपीओत मोठ्या संस्थांसाठी राखीव हिस्सा खरंच असतो. इश्यू खुला होण्याआधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्था, म्हणजे अँकर गुंतवणूकदार, खरे असतात. बाजारात ब्लॉक डीलची वेगळी खिडकी खरंच असते, फक्त तिथला एकेक सौदा कोटींच्या घरातला असतो. खोटं उभं आहे ते या खऱ्या विटांवर. पण त्या हिश्शात सामान्य माणसाला कुणाच्या आडून शिरता येत नाही. परदेशी गुंतवणूकदार संस्थांच्या नावाने चाललेल्या या फसवणुकीबद्दल सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्येच सांगितलं होतं की तो मार्ग, मोजके अपवाद सोडता, भारतात राहणाऱ्यांना खुला नाही आणि शेअर बाजारात ‘संस्थात्मक खातं’ नावाची सोयच नाही. हे पत्रक किती जणांनी वाचलं असेल? ‘लोभाला बळी पडू नका’ हे फलक मात्र मी किमान पन्नास ठिकाणी पाहिले आहेत.

इथे समोरचा पक्ष एक वजनदार मुद्दा मांडतो. एवढं सगळं कशाला, सेबीचा नोंदणी क्रमांक तपासा की. मला वाटतं हा आजचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत अपुरा सल्ला आहे. काकांनी क्रमांक तपासला होता! ग्रुपवर प्रमाणपत्राचा फोटो होता, त्यावर INZ ने सुरू होणारा क्रमांक होता, सेबीच्या यादीत तो क्रमांक होता आणि त्यापुढे एका नामांकित दलालाचं नावही होतं. सगळं खरं. फक्त ग्रुप चालवणाऱ्याचा त्या दलालाशी काडीचा संबंध नव्हता. मारुतीची नंबरप्लेट खरी आहे म्हणून ती लावलेली गाडी चोरीची नाही, असं आपण समजतो का? नोंदणी तपासून फायदा तेव्हाच, जेव्हा त्या यादीत दिलेल्या पत्त्यावर आणि फोनवर तुम्ही स्वतः संपर्क कराल आणि विचाराल की हा ग्रुप तुमचा आहे का. शिवाय INH किंवा INA ने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो संशोधन विश्लेषक किंवा गुंतवणूक सल्लागार. त्याला फी घेता येते, तुमच्या गुंतवणुकीचे पैसे हातात घेता येत नाहीत. क्रमांक खरा असला तरी.

मग चोराला नक्कल न करता येणारं काय उरतं? पहिलं, पैसे घेणारं खातं. दलालाने ग्राहकाचे पैसे स्वतःच्या नावाच्या, त्यासाठीच उघडलेल्या बँक खात्यातच घ्यायचे असतात. ग्राहकानेही स्वतःच्याच खात्यातून द्यायचे असतात. आणि परत जातात तेही ग्राहकाच्या नोंदवलेल्या खात्यात, दलालाच्या खात्यातून. तिसरा माणूस या व्यवहारात बसतच नाही. बॅक ऑफिसात आमच्याकडे कुणी बायकोच्या खात्याचा चेक दिला तरी आम्ही परत पाठवायचो, लोक चिडायचे. काकांच्या पासबुकात चार वेळा पैसे गेले होते आणि चारही वेळा वेगवेगळ्या खात्यांत. एक कुठलं तरी ‘ट्रेडर्स’, दुसरं ‘एंटरप्रायझेस’, तिसरं कपड्यांच्या दुकानाचं वाटावं असं नाव, चौथं एका व्यक्तीचंच. कारणही तयार होतं: मर्यादा संपली, कर वाचवायला खातं बदललंय. हीच ती भाड्याने घेतलेली खाती, ज्यांचे मालक टक्केवारीवर पासबुक आणि सिमकार्ड देऊन मोकळे होतात.

याहून बोलकी नोंद होती त्या परत आलेल्या ५,००० रुपयांची. ज्या जमेने काकांना विश्वास दिला, तिच्यापुढे पाठवणाऱ्याचं नाव होतं: दूरच्या राज्यातल्या कुणा अनोळखी बाईंचं. खरा दलाल पैसे परत करताना कुणा बाईंच्या खात्यातून करेल का? जमा झाल्याचा आनंद इतका असतो की कुणाकडून जमा झाले हे कुणी वाचत नाही. आणि यात आणखी एक काटा आहे. ते ५,००० बहुधा दुसऱ्या कुणा फसलेल्या माणसाचे असतात. त्याने तक्रार केली की पैशांचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि तुमचंच खातं गोठू शकतं.

आता हे बघणं थोडं सोपं झालंय. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करतानाही समोरच्या खात्याचं बँकेतलं नाव आधी बघण्याची सोय बँकांना द्यावी लागते. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने दलाल आणि म्युच्युअल फंडांसाठी वेगळे यूपीआय पत्ते आणले; त्यात दलालाच्या नावानंतर .brk येतं आणि पुढे @valid व बँकेचं नाव. पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात वर केलेल्या अंगठ्याची खूणही दिसते. ग्रुपवाला असा पत्ता तयार करू शकत नाही, कारण तो नोंदणीकृत संस्थेलाच मिळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शेअर. लेजर वेगळं आणि होल्डिंग वेगळं, हे आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवत. अ‍ॅपवर दिसतं ते लेजर, दुकानदाराची वही. शेअर प्रत्यक्ष असतात ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोन डिपॉझिटऱ्यांपैकी एकीकडे, तुमच्या नावाने. दलाल उद्या बुडाला तरी ते तिथेच असतात. खरेदी केलीत तर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी तिथे नोंद दिसायला हवी. सौद्याच्या दिवशी संध्याकाळी शेअर बाजाराकडून थेट तुम्हाला संदेश येतो, दलालाकडून सौद्याची पावती, म्हणजे काँट्रॅक्ट नोट, येते. यातलं काहीच आलं नाही तर सौदा झालेला नाही, अ‍ॅपवर कितीही हिरवं दिसो. ग्रुपवाला यावर म्हणेल की संस्थात्मक खात्यातले शेअर तुमच्या डीमॅटला दिसत नाहीत. तो हे म्हणाला की समजा त्याने कबुलीजबाबच दिला.

आणि तिसरं, स्वतःचे पैसे काढायला नवे पैसे भरावे लागणं. काकांचा प्रश्न हाच होता. खरा दलाल आपली दलाली आणि सरकारचे कर विक्रीच्या रकमेतून वजा करून उरलेले पाठवतो. आधी मागण्याची पद्धतच नाही, कारण पैसे त्याच्याच हातात असतात. भांडवली नफ्यावरचा कर तर तो घेतही नाही, तो तुम्ही आयकर खात्याला भरता. काकांना मी म्हटलं, “काका, तीस लाख त्यांच्याकडे आहेत ना? त्यातलेच तीन कापून घ्यायला सांगा.” काकांनी माझ्यासमोर तसा संदेश टाकला. सहायक बाईंचं उत्तर आलं, नियमात बसत नाही, सर.

आता बँका आणि सरकारवर बोट दाखवणाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांच्या म्हणण्यात मला बरंच तथ्य दिसतं. गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने मे २०२४ मध्ये सांगितलं की त्या वर्षीच्या पहिल्या चार महिन्यांत फक्त ट्रेडिंगच्या फसवणुकीत १,४२० कोटी रुपये गेले, तक्रारी वीस हजारांच्या वर. म्हणजे सरासरीने एकेकाचे सात लाख. यातला प्रत्येक रुपया कुठल्या ना कुठल्या बँकेतल्या खऱ्या, केवायसी झालेल्या खात्यातून गेला. दोन महिन्यांपूर्वी उघडलेल्या ‘एंटरप्रायझेस’च्या चालू खात्यात एका दिवसात वीस अनोळखी निवृत्तांचे लाखो रुपये येतात आणि तासाभरात जातात, हे बँकेच्या संगणकाला दिसत नाही असं कोण मानेल? पलीकडची यंत्रणाही एकट्यादुकट्या भामट्याची नाही. म्यानमार आणि कंबोडियात कुंपणाआड चालणाऱ्या आवारांत माणसं नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबतात आणि त्यांच्याकडून हे संदेश लिहून घेतात; मार्च २०२५ मध्ये पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी तिथून परत आणावं लागलं. अशा कारखान्यापुढे एकट्या माणसाने ‘सावध राहावं’ ही अपेक्षा म्हणजे पुरात पोहायला सांगण्यासारखं आहे.

हे सगळं मान्य करूनही माझा मुद्दा राहतोच. बँका सुधारेपर्यंत पैसे थांबत नाहीत. चार-पाच खात्यांतून उड्या मारत ते काही मिनिटांत रोख किंवा आभासी चलन होतात. म्हणून सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर पहिल्या तासादोनतासांत फोन गेला तर मधल्या एखाद्या खात्यात रक्कम अडवता येते, आठवड्याने गेला तर सहसा नाही. आणि ‘हाव नडली’ म्हणणाऱ्यांनी इथेच सर्वांत मोठं नुकसान केलंय. काकांना दहा दिवस आधीच शंका आली होती. ते बोलले नाहीत, कारण मुलगा काय म्हणेल, सोसायटीत काय म्हणतील. लाज वाटून गेलेले ते दहा दिवस चोराच्या पथ्यावर पडले. ज्याला आपण आधीच लोभी ठरवलंय तो पहिल्या तासात फोन कशाला करेल?

माझ्या या खुणांनाही मर्यादा आहे, ती लपवत नाही. काही ग्रुप खऱ्याच दलालाच्या खऱ्या अ‍ॅपवर, तुमच्याच डीमॅटमध्ये, एखादा फुटकळ शेअर घ्यायला लावतात. आधी स्वतः घेऊन ठेवतात, तुम्ही भाव चढवलात की तुमच्याच गळ्यात मारतात. तिथे पैशाची वाट स्वच्छ असते आणि डिपॉझिटरीतही शेअर दिसतात, फक्त त्यांची किंमत राहत नाही. तो वेगळा रोग आहे आणि त्याला वेगळं औषध लागतं. परकीय चलनाच्या अ‍ॅपना शेअरच नसतात, तिथे डिपॉझिटरीचा प्रश्न विचारून उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेने अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी काढली आहे ती बघावी लागते.

त्या संध्याकाळी आम्ही १९३० ला फोन लावला, cybercrime.gov.in वर तक्रार भरली, चारही व्यवहारांचे क्रमांक लिहिले. ११ लाख ७० हजारांना तोवर नऊ दिवस झाले होते. त्यातले किती अडकले ते कळायला वेळ लागणार होता. निघायच्या आधी मी काकांना सहज विचारलं, डिपॉझिटरीकडून ईमेल येतो का तुम्हाला? येत असेल, म्हणाले, मी उघडत नाही, त्याला पासवर्ड लागतो. शोधला तर सापडला, आणि त्याच्या मागे आधीच्या महिन्यांचे न उघडलेले ओळीने पडलेले. पासवर्ड म्हणजे त्यांचाच पॅन, मोठ्या अक्षरांत. पान उघडलं. नोकरीत असताना घेतलेल्या दोन कंपन्यांचे शेअर होते, त्यांतल्या एकीचा बोनसही जमा झालेला, ज्याचा काकांना पत्ता नव्हता. त्याखाली रकाना रिकामा होता. काकांनी चष्मा पुसला, पान खालपर्यंत सरकवलं, परत वर आणलं.

“दर महिन्याला येत होता का रे हा?”